प्रकल्प नोंदी: अठ्ठेचाळीस दिवस न वाचलेली पुल रिक्वेस्ट

९ जून २०२५, सोमवार, जळगाव

आज सकाळी प्रलंबित कामांची यादी वरून खाली पाहत असताना शहाद्याच्या भाऊंची पुल रिक्वेस्ट पुन्हा नजरेस पडली. ती त्यांनी २२ एप्रिलला उघडली होती, म्हणजे आज तिला अठ्ठेचाळीस दिवस झाले. केळी खरेदीच्या पावतीत घडाच्या दांड्याचे वजन वजा करून आठवड्याचा गोषवारा काढण्याचे काम तिच्यात आहे, आणि ते काम आम्हीच मागितले होते. भाऊ आमचे पगारी सहकारी नाहीत. दिवसभराची नोकरी आटोपल्यावर ते रात्री या प्रकल्पासाठी लिहितात.

ही रिक्वेस्ट माझ्या लक्षातून सुटली होती असे लिहिले तर ते खोटे होईल. २४ एप्रिलला मी ती उघडली होती. सहाशेहून अधिक ओळी पाहिल्या आणि 'हे निवांतपणे वाचू' असे म्हणून बंद केली. नंतर आखाजीची सुट्टी आली, मग मे महिन्याची धावपळ सुरू झाली, आणि तो निवांत दिवस उगवलाच नाही. ६ मे रोजी भाऊंनी 'दादा, सवड मिळाल्यास पाहावे' असे लिहिले होते, त्यावर मी केवळ अंगठ्याची खूण उमटवली. २० मे रोजी त्यांनी पुन्हा विचारले, त्याला मी काहीच उत्तर दिले नाही. त्यानंतर त्यांनी विचारणे थांबवले.

त्या अंगठ्याच्या खुणेने केवळ दुर्लक्षापेक्षा जास्त नुकसान केले. पावतीच्या हिशेबाच्या फाइलींना आमच्याकडे माझी मंजुरी आवश्यक असते, त्यामुळे इतर कोणी ती रिक्वेस्ट मर्ज करू शकत नव्हते. निदान वाचायला तरी कोणी पुढे आले असते, परंतु रिव्ह्यूअर म्हणून माझे नाव आणि खाली माझी खूण पाहून सर्वांनी काम माझ्या हातात आहे असे गृहीत धरले. मी सरळ 'मला जमणार नाही' असे लिहिले असते, तर धुळ्याच्या ताईंनी ते एप्रिलमध्येच घेतले असते, असे त्यांनी आज फोनवर सांगितले.

दुपारी मला एक मोह झाला, तो येथे नोंदवून ठेवतो. टेस्ट हिरव्या दिसत होत्या, भाऊंचे लेखन नेहमीप्रमाणे नेटके होते, आणि आता लगेच मंजुरी देऊन मर्ज केले म्हणजे झालेल्या विलंबाची थोडी तरी भरपाई होईल, असे वाटले. बटणापर्यंत हात गेला होता. परंतु न वाचता दिलेली मंजुरी म्हणजे दुसऱ्यांदा केलेले दुर्लक्षच ठरले असते, म्हणून आजचा दिवस वाचनासाठी राखून ठेवला आणि भाऊंना एवढेच कळवले: 'तुमची रिक्वेस्ट आज वाचायला घेतली आहे. शनिवारपर्यंत संपूर्ण उत्तर देतो. इतके दिवस उत्तर दिले नाही याबद्दल त्याच दिवशी सविस्तर लिहीन.'

१० जून २०२५, मंगळवार

संपूर्ण बदल दोनदा वाचला. गोषवाऱ्याची मांडणी चांगली आहे आणि पावतीवरील मराठी मजकूर आमच्या जुन्या मजकुरापेक्षा स्पष्ट आहे. मी वाचताना अकरा शेरे लिहून काढले.

संध्याकाळी त्या अकरा शेऱ्यांकडे पुन्हा पाहिले. त्यांतील आठ नावांविषयी, ओळींच्या क्रमाविषयी आणि माझ्या आवडीनिवडीविषयी होते. दुसऱ्या दिवशीच उत्तर देत असतो तर त्यांपैकी काही मागण्या योग्य ठरल्या असत्या, कारण तेव्हा लेखकाच्या डोक्यात सर्व काही ताजे असते. सात आठवड्यांनंतर त्याच मागण्या करायच्या म्हणजे, माझ्यामुळे विसरले गेलेले काम भाऊंना पुन्हा आठवायला लावून त्यात फेरफार करायला सांगायचे. ते आठ शेरे मी काढून टाकले. उरलेल्या तिनांपैकी दोन किरकोळ दुरुस्त्यांचे आहेत. तिसरा अजून शेरा नाही, शंका आहे: वजन नेमके कोणत्या एककात येते?

११ जून २०२५, बुधवार

ही शंका का आली ते सविस्तर लिहितो.

पुल रिक्वेस्टच्या पानावर जो फरक दिसतो तो ब्रांच जेथून फुटली त्या ठिकाणापासून लेखकाने काय बदलले, एवढाच असतो. आज्ञेच्या रूपात तो असा मिळतो:

```
git diff main...stem-summary
```

मधले तीन ठिपके महत्त्वाचे आहेत. ब्रांच फुटल्यानंतर `main` मध्ये काय घडले याचा या फरकात मागमूसही नसतो. रिक्वेस्ट दोन-तीन दिवसांत वाचली जाते तेव्हा याने फारसे बिघडत नाही. सात आठवड्यांत मात्र खालची जमीनच सरकलेली असते, आणि पानावर लेखकाचे काम जसेच्या तसे, २२ एप्रिलच्या हिरव्या खुणेसह उभे दिसते. आमच्याकडे टेस्ट रिक्वेस्ट उघडल्यावर आणि तिच्यात नवे कमिट आल्यावर चालतात, `main` पुढे सरकले म्हणून त्या पुन्हा चालत नाहीत. म्हणजे सोमवारी ज्या हिरव्या खुणेच्या भरवशावर मी मंजुरी देणार होतो, ती एप्रिलमधल्या `main` विषयी बोलत होती.

म्हणून उलट दिशेने पाहिले, म्हणजे भाऊंच्या ब्रांचमध्ये नसलेले आणि `main` मध्ये आलेले कमिट काढले:

```
git log --oneline stem-summary..main
```

त्या यादीत १५ मेचा एक कमिट होता. त्यापूर्वी पावतीतील वजन किलोमध्ये, दशांश अपूर्णांकांत साठवले जात असे. शेकडो पावत्यांची बेरीज करताना काही पैशांचा फरक पडत असल्याने ते ग्रॅममध्ये, पूर्णांकांत साठवण्याचे ठरले. तो बदल माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याने १४ मेला मांडला आणि मी दुसऱ्याच दिवशी वाचून मंजूर केला. ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. शेजारी बसणाऱ्याचे काम एका दिवसात वाचायला मला वेळ होता, आणि शहाद्याहून त्याच्या तीन आठवडे आधी आलेले काम मात्र रांगेतच राहिले. तो बदल मंजूर करताना, हीच फाइल वापरणारी एक रिक्वेस्ट माझ्याकडे पडून आहे, हेही मला आठवले नाही.

१२ जून २०२५, गुरुवार

माझ्या संगणकावर वेगळी प्रत घेऊन `main` भाऊंच्या ब्रांचमध्ये मिसळून पाहिले. मराठी मजकुराच्या फाइलीत एक कॉन्फ्लिक्ट आला, तो दोन मिनिटांत सुटला. हिशेबाच्या फाइलींत एकही कॉन्फ्लिक्ट आला नाही आणि सर्व टेस्ट पुन्हा हिरव्या आल्या.

त्यानंतर मे महिन्यातील नमुना पावत्या घालून गोषवारा काढला. रावेरकडच्या एका टेम्पोतील मालाचे एकूण वजन १,३१० किलो आणि दांड्यांचे ७० किलो, म्हणजे निव्वळ १,२४० किलो, अर्थात १२.४० क्विंटल दिसायला हवे होते. पडद्यावर १२,४०० क्विंटल आले. क्विंटलला १,५०० रुपये भाव धरला तर १८,६०० रुपयांच्या जागी १,८६,००,००० रुपये.

कारण या एका ओळीत होते:

```
quintals = net_weight(entry.gross, entry.stem) / 100
```

`net_weight` एका संख्येतून दुसरी वजा करते, इतकेच तिचे काम आहे. संख्या किलोत आहेत की ग्रॅममध्ये हे तिला कळत नाही आणि कळण्याची सोयही नाही. एप्रिलमध्ये किलो येत होते, त्यांना १०० ने भागले की क्विंटल मिळत. आता १३,१०,००० वजा ७०,००० म्हणजे १२,४०,००० ग्रॅम येतात आणि त्यांनाही १०० नेच भागले जाते. ही ओळ भाऊंच्या नव्या फाइलीत आहे आणि १५ मेचा बदल दुसऱ्या फाइलीत, त्यामुळे गिटच्या दृष्टीने दोन्ही बदलांचा एकमेकांशी संबंधच नाही. कॉन्फ्लिक्ट फक्त एकाच जागचा मजकूर दोघांनी बदलला तर येतो. येथे मजकूर जागच्या जागी आहे, त्याचा अर्थ बदलला.

टेस्ट का पडल्या नाहीत, हेही पाहिले. भाऊंनी त्यांत १३१० आणि ७० या संख्या हाताने लिहिल्या आहेत आणि उत्तर १२.४ अपेक्षिले आहे. त्या खऱ्या साठ्यातून येत नसल्याने साठ्यातील एकक बदलले तरी टेस्ट बिनचूकच राहतात. एप्रिलमध्ये अशी टेस्ट लिहिण्यात काहीही गैर नव्हते, त्या वेळी मीही तशीच लिहिली असती.

सोमवारी मी ते बटण दाबले असते, तर ही चूक खरेदीच्या हंगामात शेतकऱ्यांच्या गोषवाऱ्यात गेली असती आणि `git blame` ने त्या ओळीपुढे भाऊंचे नाव दाखवले असते. ज्या दिवशी त्यांनी ती ओळ लिहिली त्या दिवशी ती बरोबर होती. ती चुकीची झाली ती माझ्याकडे पडून राहिल्यामुळे. माफीपत्रात हे वाक्य आलेच पाहिजे, आणि तेही रिक्वेस्टच्या पानावर सर्वांना दिसेल असे, कारण वर्षभराने हा इतिहास वाचणाऱ्याला मूळ चूक कोणाची हे तेथूनच कळणार आहे.

१३ जून २०२५, शुक्रवार

दुरुस्ती कशी करायची याचा विचार आज पूर्ण झाला.

आमच्याकडील रूढ मार्ग असा की लेखकाला 'कृपया रीबेस करा' असे एका ओळीत लिहायचे. या प्रसंगी ते लिहिणे अन्यायाचे होईल. जमीन माझ्यामुळे सरकली आहे, तर ती समतल करण्याचे श्रमही माझे आहेत. भाऊंनी रिक्वेस्ट उघडताना देखभाल करणाऱ्यांना आपल्या ब्रांचमध्ये बदल करण्याची मुभा ठेवली आहे, त्यामुळे मला थेट त्यांच्या ब्रांचवर कमिट चढवता येईल. तरीही मुभा आहे म्हणून न विचारता कोणाच्या घरात शिरू नये, म्हणून आधी विचारायचे ठरवले.

मीही रीबेस करणार नाही, `main` त्यांच्या ब्रांचमध्ये मर्ज करीन. वाट पाहून पाहून भाऊंनी मेमध्ये याच ब्रांचवर दुसरी ब्रांच बांधली आहे. ती दरतक्त्याची आहे आणि त्यांच्या खात्यावर ती दिसते. रीबेस केल्यास पहिल्या ब्रांचच्या कमिटांची ओळख बदलते, मग दुसऱ्या ब्रांचखाली जुने कमिट आणि पहिलीत नवे कमिट अशी स्थिती होऊन त्यांना ती हाताने सोडवावी लागते. मर्जमध्ये त्यांचे कमिट जसेच्या तसे राहतात. त्याच कारणाने शेवटी `main` मध्ये घेतानाही आमच्या प्रथेप्रमाणे सर्व कमिट दाबून एक करायचे नाहीत. साधा मर्ज करायचा.

क्विंटलची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये, माझ्या नावावर आणि कारणासह जाईल. भागाकाराच्या जागी नाव दिलेला स्थिरांक येईल, म्हणजे एकक वाचणाऱ्याला दिसेल:

```
GRAMS_PER_QUINTAL = 100_000
```

शिवाय साठ्यातून पावती वाचून गोषवारा तपासणारी एक टेस्ट मी जोडणार आहे. १५ मेचा बदल मंजूर करतानाच मी ती मागायला हवी होती.

संध्याकाळी पत्राचा पहिला मसुदा लिहिला. त्यात केळीचा हंगाम होता, ४४ अंशांचे ऊन होते, वीज जाणे होते, घरातले लग्न होते. सर्व खरे होते, आणि वाचून पाहिल्यावर ते पत्र माफी मागणारे न वाटता सवलत मागणारे वाटले. भाऊंकडेही तेच ऊन होते आणि त्यांनी काम पूर्ण केले होते. 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असेही एक वाक्य त्यात आले होते. भुसावळच्या फलाटावर गाडी उशिरा येते तेव्हा ऐकू येणारे हे वाक्य आहे आणि त्यात चूक कोणी केली ते कळत नाही. ते खोडले. 'आम्ही' च्या जागी सर्वत्र 'मी' केले.

१४ जून २०२५, शनिवार

रिक्वेस्टच्या पानावर पुढील पत्र लिहिले. नोंद म्हणून येथे संपूर्ण देतो.

'भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमची ही पुल रिक्वेस्ट २२ एप्रिलपासून माझ्याकडे आहे. मी ती २४ एप्रिलला उघडून पाहिली आणि वाचली नाही. ६ मे रोजी तुम्ही विचारले तेव्हा मी अंगठ्याची खूण केली, आणि त्यामुळे काम चालू आहे असा तुमचा आणि इतरांचा समज झाला. प्रत्यक्षात मी काहीच करत नव्हतो. २० मे रोजी मी उत्तरही दिले नाही. ही माझी चूक आहे आणि तिच्याबद्दल मी तुमची माफी मागतो.

या विलंबाने तुमचे काय नुकसान झाले ते मला दिसते तसे लिहितो. १५ मे रोजी मी एक दुसरा बदल मंजूर केला, त्यामुळे वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये साठवले जाऊ लागले. तुमच्या गोषवाऱ्यातील १०० ने भागणारी ओळ त्या दिवसापासून चुकीचे उत्तर देते. तुम्ही लिहिली तेव्हा ती बरोबर होती. ही तुमची चूक नाही, हे पुढे हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाला कळावे म्हणून येथे लिहीत आहे. याखेरीज तुमची दरतक्त्याची दुसरी ब्रांचही याच रिक्वेस्टमुळे अडकली असावी असे दिसते.

तुमची हरकत नसेल तर `main` तुमच्या ब्रांचमध्ये मर्ज करणे, कॉन्फ्लिक्ट सोडवणे, क्विंटलची दुरुस्ती आणि तिची टेस्ट ही चारही कामे मी करतो. तुमच्या कमिटांना हात लावणार नाही. स्वतः करणे तुम्हाला पसंत असेल तर तसे सांगावे, मी त्याच दिवशी वाचीन. माझे केवळ दोन किरकोळ शेरे आहेत, ते खाली त्या त्या ओळीवर दिले आहेत. त्यांतील एकही मर्ज अडवणारा नाही.

या पत्राचे उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. फक्त दुरुस्तीसाठी होकार किंवा नकार कळवावा.'

'समजून घ्याल अशी आशा आहे' हे वाक्य शेवटी लिहिले होते, ते पाठवण्यापूर्वी काढले. समजून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यासारखे ते होते.

१६ जून २०२५, सोमवार

भाऊंनी पानावर 'होय, करावे' एवढेच लिहिले आणि रात्री फोन केला. मी पहिल्याच वाक्यात अहिराणीत 'मनी चूक व्हयनी, भाऊ' म्हणालो. प्रमाण मराठीत लिहिलेल्या पत्रानंतरही ते घरच्या बोलीत म्हणावेसे वाटले. त्यांनी माझे पत्र वाचले होते. रागाचे कारण उशीर नव्हता, असे त्यांनी सांगितले. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून आपले काम इतके वाईट आहे की कोणाला त्यावर बोलायचेही नाही, असे त्यांना वाटू लागले होते, आणि त्यामुळे दरतक्त्याची रिक्वेस्ट तयार असूनही त्यांनी उघडली नव्हती. हे नुकसान माझ्या पत्रात नव्हते. मला ते दिसलेच नव्हते.

शून्य उत्तराचा असा अर्थ लागतो, हे मी मनाशी नीट नोंदवले. काम नापसंत असते तर मी तसे लिहिले असते. परंतु समोरच्याला हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही.

१७ जून २०२५, मंगळवार

ठरल्याप्रमाणे मर्ज, दुरुस्ती आणि टेस्ट भाऊंच्या ब्रांचवर चढवली. जुन्या टेस्टमधील संख्या ग्रॅममध्ये केल्या. रावेरच्या टेम्पोचा गोषवारा १२.४० क्विंटल आला. भाऊंनी माझा कमिट वाचून एक सुधारणा सुचवली, की `entry.gross` ऐवजी नावातच एकक असावे, `gross_grams`. सूचना माझ्या दुरुस्तीपेक्षा चांगली होती, कारण स्थिरांक एका ओळीला वाचवतो आणि हे नाव पुढच्या प्रत्येक ओळीला वाचवेल. मात्र त्याने अनेक फाइली बदलतील, म्हणून तिचे स्वतंत्र काम काढले आणि ते मी माझ्या नावावर घेतले. दुपारी साडेतीन वाजता साधा मर्ज केला.

धुळ्याच्या ताईंशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या. हिशेबाच्या फाइलींसाठी माझ्याबरोबर त्यांचेही नाव मंजुरी देणाऱ्यांत घातले, आता कोणा एकाची मंजुरी पुरेल. आणि आलेली रिक्वेस्ट दोन कामकाजाच्या दिवसांत वाचता येणार नसेल तर मी स्वतः माझे नाव काढून तसे शब्दांत लिहायचे, खूण करायची नाही. मोठी रिक्वेस्ट असल्यास त्या दोन दिवसांत निदान कोणत्या दिवशी वाचणार ती तारीख द्यायची.

१९ जून २०२५, गुरुवार

काल रात्री पावणेअकरा वाजता भाऊंनी दरतक्त्याची रिक्वेस्ट उघडली. पहिल्या ब्रांचचे कमिट जसेच्या तसे असल्याने तिच्यात फक्त नवे बदल दिसत आहेत, २१० ओळी. आज सकाळी साडेनऊला वाचायला घेतली. भावाची तारीख आणि खरेदीची तारीख वेगळी असल्यास कोणता दर लागू व्हावा, असा एक प्रश्न त्यांना विचारला आहे.